खातं काढायचंय

पुण्यातल्या एका रुग्णालयात केरळहून आलेली एक परिचारिका. मराठी दीड वर्ष शिकलेली, रुग्णांशी रोज बोलणारी. मध्यम पातळीच्या मराठी वर्गासाठी संवाद रचायचा, तर तिला बँकेत पाठवावं. तिथे मराठी कशी वापरली जाते हे पहिल्या दोन वाक्यांतच कळतं.

‘सर, मला बचत खातं उघडायचं आहे.’

‘खातं काढायचंय? बसा. आधार-पॅन आणलंय?’

वाक्य तिचं बिनचूक आहे. ‘मी’ऐवजी ‘मला’ तिला जड जात नाही, कारण मल्याळममध्येही असं काही हवं असलं की ‘एनिक्कु’, म्हणजे ‘मला’च येतं. ती अडते ती लिपिकाच्या ‘काढायचंय’वर. काढणं म्हणजे बाहेर घेणं, असं ती शिकली आहे. अजून नसलेलं खातं काढणार कुठून?

मराठी माणूस मात्र दुकान काढतो, शाळा काढतो, तसंच खातंही काढतो. तिथे ‘काढणं’ म्हणजे नव्यानं सुरू करणं. पुढे त्याच खात्यातून तो ‘पैसे काढतो’, तेव्हा ते खरोखर बाहेर येतात. खातं नको असेल, तर ते ‘बंद’ करतो. ‘भरणं’ही असंच दुहेरी: आधी स्लिप भरायची, मग पैसे भरायचे. शब्दकोशातला पहिला अर्थ इथे पुरत नाही, शेजारचं नाम पाहावं लागतं.

आणि त्या नामाचं लिंगही. अर्ज भरायचा, सही करायची, खातं उघडायचं. एका खिडकीवर तिन्ही लिंगं भेटतात, म्हणून शिकणाऱ्यासाठी हा प्रसंग फार चांगला.

‘आधारवर पत्ता कोट्टायमचा आहे. राहता कुठे?’

‘इथे, हॉस्टेलमध्ये. हे आधार चालेल का?’

‘चालेल. मशीनवर बोट ठेवा. आणि इथला पत्ता या कागदावर लिहून खाली सही करा.’

‘चालेल का?’ हे दोन शब्द आले, की खिडकीवरचं निम्मं काम होतं. लिपिकाचं उत्तरही नियमाला धरून आहे. बोटाच्या ठशानं आधारची ई-केवायसी होत असेल आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर ग्राहकाचं स्वतःचं लेखी निवेदन बँकेला घेता येतं. गाव सोडून आलेल्या कित्येकांना हे ठाऊक नसतं. ते ‘इथलं लाइटबिल नाही’ म्हणून परत फिरतात.

‘मिनिमम बॅलन्स किती ठेवावा लागेल?’

‘साध्या खात्याला लागतो. झिरो बॅलन्सचं हवं असेल तर तेही आहे.’

झिरो बॅलन्स हे बोलण्यातलं नाव. कागदावर ते ‘मूलभूत बचत ठेव खातं’ असतं. त्यात शिल्लक ठेवण्याची अट नाही आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. मात्र ते असलं, की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. हे आधी विचारलेलं बरं. त्यासाठी वाक्य सोपं आहे: ‘या दोन खात्यांत फरक काय?’

खरा गोंधळ अर्जाच्या शेवटी होतो.

‘वारस कोणाला लावायचं?’

‘मला मुलं नाहीत, सर.’

‘मुलंच असं नाही. नॉमिनी हो, नॉमिनी! आईचं नाव द्या.’

अर्जावर छापलेलं असतं ‘नामनिर्देशन’, लिपिक म्हणतो ‘वारस’, आणि कळतं ते ‘नॉमिनी’. तिन्ही शब्द एकाच रकान्यासाठी वापरले जातात, पण नॉमिनी आणि वारस एक नव्हेत. खातेदाराच्या पश्चात बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते आणि तिची जबाबदारी तिथे संपते. ते पैसे शेवटी कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे भावाला नॉमिनी केलं म्हणून पत्नी-मुलांचा हक्क जात नाही. ‘वारस लावणं’ या रुळलेल्या शब्दामुळे मराठी घरांतही नेमका हाच गैरसमज आढळतो, तेव्हा परिचारिका गोंधळली यात नवल नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहिता येतो.

ती आईचं नाव, नातं आणि जन्मतारीख लिहिते.

‘आता हजार रुपये भरा. पासबुक परवा मिळेल.’

‘भरते. आणि परवा पैसे काढता येतील ना?’

‘येतील की.’

या वेळी ‘काढता’ म्हणताना ती अडखळत नाही.