‘अजून एक कोर्स’ केल्याने डिझायनरची नोकरी लागत नाही

“फोटोशॉप झालं, कोरल झालं, इलस्ट्रेटर झालं. आता अजून कोणतं सर्टिफिकेट घेतलं म्हणजे नोकरी लागेल?” ग्राफिक डिझाइन शिकणारी मुलं हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात, की त्याचं उत्तर एकदा सविस्तर द्यायलाच हवं. पालकांच्या तोंडी तो अधिक काळजीने येतो, कारण फी त्यांच्या खिशातून गेलेली असते. आणि तीन कोर्स होऊनही नोकरी लागत नाही, तेव्हा चौथ्या कोर्सची माहिती घेऊन क्लासवाले तयारच असतात. याचा मला मनापासून राग येतो.

बहुतेक क्लासच्या सर्टिफिकेटवर काय लिहिलेलं असतं ते नीट वाचा. अमुक व्यक्तीने अमुक महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. म्हणजे ती वर्गात आली आणि तिने फी भरली. अॅडोबी कंपनीची अधिकृत परीक्षा याहून बरी. तिच्यात प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये काम करून दाखवावं लागतं. पण तीही कोणतं टूल कुठे आहे आणि ते कसं वापरायचं, हेच प्रामुख्याने तपासते. मथळा केवढा ठेवायचा, फोटो कुठे कापायचा, ग्राहकाने दिलेल्या दहा ओळींतल्या कोणत्या दोन मोठ्या करायच्या, हे तिच्यातून कळत नाही. स्टुडिओला पगार द्यायचा असतो तो नेमका या निर्णयांसाठी.

म्हणून पुण्या-मुंबईतल्या एजन्सीत, छोट्या स्टुडिओत किंवा छापखान्याच्या डिझाइन विभागात अर्ज आला, की आर्ट डायरेक्टर आधी पोर्टफोलिओ उघडतो. त्यात दम नसेल तर बायोडेटा शेवटपर्यंत वाचला जात नाही. दम असेल तर सर्टिफिकेटं किती, हे बहुधा विचारलंही जात नाही.

मात्र इथेच दुसरा गैरसमज सुरू होतो. पोर्टफोलिओ म्हणजे देखणी चित्रं, असं मुलांना वाटतं. एक उदाहरण घेऊ.

समजा, दोन उमेदवारांनी भडंगाच्या २०० ग्रॅमच्या पाकिटाचं डिझाइन पाठवलं आहे. पहिल्याने एक काल्पनिक ब्रँड घेतला, इंटरनेटवरून तयार मॉकअप उतरवला आणि त्यावर झकास लोगो चढवला. पाकीट चकचकीत दिसतं, पण दिसते ती फक्त पुढची बाजू. दुसरी मुलगी सांगलीतल्या एका खऱ्या घरगुती उद्योगाकडे गेली. त्यांचं जुनं पाकीट मागून घेतलं, किराणा दुकानात ते कुठे टांगतात ते पाहिलं आणि पुढची-मागची बाजू सपाट मांडणीत पाठवली.

जाणकार माणूस आता मागची बाजू पाहतो. वेष्टनबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहकाच्या तक्रारीसाठी संपर्क हे सगळं पाकिटावर लागतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे घटक पदार्थ, पोषणमूल्यं, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि शाकाहाराची खूण हवी. हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल, ही ती खूण. डिझायनरची कसोटी इथे लागते: एवढा मजकूर तळहाताएवढ्या जागेत बसवायचा आणि तरी तो वाचता आला पाहिजे. पहिल्या उमेदवाराने ही अडचण पाहिलेलीच नाही.

मग येते पाकिटाची शिवण. उशीसारख्या साध्या पाकिटाला मागे मधोमध उभा जोड असतो, वर-खाली उष्णतेने दाबलेल्या पट्ट्या असतात. बारकोड या जोडावर आला तर तो दुमडतो आणि काउंटरवर वाचला जात नाही. आणखी एक चूक नवख्यांच्या कामात दिसते. पाकिटाच्या रंगसंगतीला शोभावा म्हणून बारकोड लाल रंगात करतात. पण दुकानातली बरीच स्कॅनर यंत्रं लाल प्रकाशाने वाचतात, त्यांना लाल रेघ पांढऱ्या कागदापासून वेगळी ओळखता येत नाही. पांढऱ्यावर काळ्या रेघा, हा सुरक्षित मार्ग. दुसऱ्या मुलीने बारकोड जोडापासून दूर, काळ्या रंगात ठेवला असेल, तर तिने छापखान्यात किंवा दुकानात कुणाशी तरी बोलून काम केलंय हे लगेच कळतं.

मराठी मजकुराकडे तर मी सगळ्यात आधी पाहतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडलेला नसेल तर देवनागरी मोडते. ‘चविष्ट’मधली वेलांटी ‘व’च्या अलीकडे यायची ती पलीकडे जाते, आणि ‘ष्ट’ फुटून पाय मोडलेला ‘ष्’ आणि ‘ट’ वेगळे दिसतात. महाराष्ट्रात नोकरी मागणाऱ्याच्या पोर्टफोलिओत असा शब्द दिसला, तर त्याच्यावर मराठी जाहिरात सोपवायची कशी? फोटोशॉपचं सर्टिफिकेट ही चूक झाकू शकत नाही.

मुलीच्या पाकिटाचा लोगो कदाचित पहिल्याइतका झकास नसेल. तरीही मुलाखतीला तिलाच बोलावलं जाईल. लोगो सुधारता येतो, सोबतचा वरिष्ठ ते शिकवेल. पण दुकान, छपाई आणि कायदा यांचा विचार करण्याची सवय एका आठवड्यात लावता येत नाही.

हे सगळं वाचणाऱ्याला दिसावं म्हणून प्रत्येक कामासोबत चार ओळी लिहा: काय मागितलं होतं, अडचण काय होती, कोणता पर्याय टाकून दिला आणि का. टाकून दिलेलं एखादं कच्चं रेखाटनही जोडा. काम वर्गातला सराव असेल तर तसं स्पष्ट लिहा, ग्राहकाचं असल्याचा आव आणू नका. मुलाखतीत बऱ्याच ठिकाणी मूळ फाइल उघडायला सांगतात किंवा संगणकावर बसवून छोटी जाहिरात करून घेतात. उसनं काम तिथे उघडं पडतं.

सर्टिफिकेटाची मुळीच गरज नाही, हेही खरं नाही, आणि असं सांगणारेही मुलांचं नुकसान करतात. सरकारी पदाच्या जाहिरातीत उपयोजित कलेतील पदवी किंवा पदविका मागितली असेल, तर छाननी कागदपत्रांवरच होते. उत्तम पोर्टफोलिओ तिथे अर्ज वाचवू शकत नाही. शाळेत कलाशिक्षक व्हायचं तर एटीडीसारखी पात्रता लागते. मोठ्या कंपन्यांतही काही वेळा ऑनलाइन अर्जात पदवीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पण इथे चालते ती पदवी किंवा मान्यताप्राप्त पदविका, तीन महिन्यांच्या क्लासचा कागद नव्हे. हा फरक फी भरण्याआधी विचारून घ्या. जे. जे. सारख्या संस्थेतल्या चार वर्षांच्या पदवीचा खरा फायदाही त्या वर्षांत होणाऱ्या कामात आणि त्यावर शिक्षकांनी केलेल्या चिरफाडीत असतो.

आता राहिलेले गैरसमज थोडक्यात.

पोर्टफोलिओत जितकी कामं जास्त तितकं चांगलं? नाही. सात-आठ पुरतात, आणि त्यातलं सर्वांत कच्चं कामच लक्षात राहतं.

नामांकित कंपनीचा लोगो नव्याने करून दाखवला की छाप पडते? क्वचितच. त्या कंपनीची अडचण तुम्हाला माहीत नसते, त्यामुळे फक्त सजावट बदलते.

‘फोटोशॉप ९० टक्के’ अशी पट्टी बायोडेटात हवी? ती काढून टाका. नव्वद टक्के कशाचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

गटात केलेलं काम दाखवू नये? जरूर दाखवा, फक्त मांडणी तुमची, चित्रं दुसऱ्याची, हे नावानिशी लिहा.

आधीच्या इंटर्नशिपमधलं अप्रकाशित काम दाखवलं तर चालतं? तिथून लेखी परवानगी मिळाली असेल तरच. नव्या मालकालाही उद्या त्याचं काम तुमच्या हाती द्यायचं असतं.