करकपातीनंतर कर्ज महाग का झालं?

२० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात पत्रकार परिषद घेऊन कंपनी करात मोठी कपात जाहीर केली. त्या दिवशी सेन्सेक्स १,९०० हून अधिक अंकांनी उसळला. सवलतींवर पाणी सोडणाऱ्या कंपनीला अधिभार-उपकरासह २५.१७ टक्के कर लागू झाला. त्याआधी मोठ्या कंपन्यांसाठी हा दर ३४.९४ टक्क्यांपर्यंत जात असे. आनंद रास्तच होता. मात्र याच निर्णयाने कंपन्यांचं कर्ज आतून थोडं महाग झालं, याची चर्चा फारशी झाली नाही.

त्यासाठी कंपनीचा पैसा कुठून येतो ते पाहावं लागतं. समजा, चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. बाजारभावाने तिच्या समभागांचं मूल्य ६०० कोटी रुपये, कर्ज ३०० कोटी आणि प्रेफरन्स शेअर १०० कोटींचे. एकूण भांडवल हजार कोटी.

बँक १० टक्के व्याज घेते, म्हणजे वर्षाला ३० कोटी. पण व्याज हा खर्च असल्यामुळे तो करपात्र नफ्यातून वजा होतो. २५.१७ टक्के दराने कंपनीचा साडेसात कोटींचा कर वाचतो आणि कर्जाचा खरा बोजा साडेबावीस कोटींच्या आत, म्हणजे साडेसात टक्क्यांवर येतो. यालाच व्याजाचं करकवच म्हणतात. जुन्या ३४.९४ टक्के दराने साडेदहा कोटी वाचले असते आणि हेच कर्ज साडेसहा टक्क्यांना पडलं असतं. कराचा दर उतरला तसं कवचही पातळ झालं.

प्रेफरन्स शेअरला हे कवच मुळीच नाही. त्यांचा लाभांश ठरलेला असतो, त्यामुळे ते कर्जासारखे वाटतात. पण लाभांश कर भरून उरलेल्या नफ्यातून द्यावा लागतो. आपल्या कंपनीचा लाभांश ९ टक्के आहे. तेवढे ९ कोटी वाटण्यासाठी तिला करापूर्वी १२ कोटींच्या वर कमवावे लागतात. वरवर ९ टक्क्यांचा वाटणारा हा पैसा १० टक्क्यांच्या कर्जापेक्षा महाग पडतो तो असा.

समभागधारकांचा दर कुठल्याही करारात लिहिलेला नसतो, म्हणून काहींना तो पैसा फुकटचा वाटतो. प्रत्यक्षात तोच सर्वांत महाग. सगळी देणी भागल्यावर उरेल ते त्यांचं, त्यामुळे जोखीमही त्यांचीच. दर काढायची रूढ रीत अशी: सरकारी रोख्यांवर ६.८ टक्के मिळतात आणि शेअर बाजाराच्या जोखमीसाठी गुंतवणूकदार आणखी ६ टक्के मागतात, असं धरू. हा शेअर बाजारापेक्षा सव्वापट नाही, पण १.२ पट हेलकावतो. मग ६ गुणिले १.२ म्हणजे ७.२, आणि त्यात ६.८ मिळवले की १४ टक्के.

आता बेरीज. समभागांचे ८४ कोटी, कर्जाचे २२.४५ कोटी, प्रेफरन्सचे ९ कोटी. हजार कोटींवर सुमारे साडेअकरा टक्के. हाच भांडवलाचा भारित सरासरी खर्च. जुन्या करदराने तो सव्वाअकरा आला असता. अर्थात करकपातीने कंपनीचं नुकसान झालं असं नाही. करापूर्वीच्या शंभर रुपयांतले पूर्वी ६५ हाती उरत, आता जवळपास ७५ उरतात. त्यापुढे पाव टक्क्याची वाढ किरकोळ आहे.

मोठी चूक होते ती वजनं लावताना. ताळेबंदात समभाग भांडवल आणि राखीव निधी मिळून २००च कोटी दिसत असतील, तर त्या आकड्यांनी सरासरी काढल्यास उत्तर दहा टक्क्यांच्या किंचित खाली येतं. साडेदहा टक्के परतावा देणारी नवी यंत्रसामग्री मग फायद्याची भासते. पण गुंतवणूकदारांनी त्या समभागांत आज ६०० कोटींचं मूल्य मोजलेलं आहे आणि १४ टक्क्यांची अपेक्षा त्या ६०० कोटींवर आहे. खरा खर्च साडेअकरा टक्के असताना साडेदहाचा प्रकल्प दरवर्षी भागधारकांचं मूल्य कुरतडतो, आणि ताळेबंदात तरी नफाच दिसत राहतो.

मग कर्ज स्वस्त म्हणून तेच वाढवत का नेऊ नये? कारण कर्ज वाढलं की समभागधारकांची जोखीम वाढते आणि १४ टक्क्यांवर त्यांचं समाधान होत नाही. पुढे बँकही व्याजदर चढवते. शिवाय करकवचाला नफा लागतो. तोट्याच्या वर्षात कर भरायचाच नसतो, तेव्हा व्याजामुळे त्या वर्षी काहीच वाचत नाही आणि दहा टक्क्यांचं कर्ज पूर्ण दहा टक्क्यांना पडतं. तोटा पुढच्या वर्षांत ओढता येतो, पण ती बचत उशिरा मिळते आणि पुढे नफा झाला तरच मिळते.

तेव्हा एखादी कंपनी नव्या कारखान्याच्या परताव्याची टक्केवारी सांगेल, तेव्हा भागधारकांनी सर्वसाधारण सभेत दोन प्रश्न जरूर विचारावेत: भांडवलाचा खर्च किती धरला आहे, आणि त्यातली वजनं बाजारभावाची आहेत की ताळेबंदातली?