वजा दोन

सबनेटिंगच्या गणितात ‘वजा दोन’ दोन ठिकाणी येतं. एक होस्ट मोजताना, दुसरं सबनेट मोजताना. पहिलं आजही प्रत्येक पेपरात लागतं. दुसरं तीस वर्षांपूर्वी मोडीत निघालं, पण जुन्या गाइडांत आणि झेरॉक्सच्या झेरॉक्स निघालेल्या नोट्समध्ये ते अजून ठाण मांडून बसलं आहे. मला या दुसऱ्या वजा दोनचं जुनं वेड आहे. नेटवर्किंगचं एखादं जुनं पुस्तक रद्दीच्या दुकानात हाती लागलं, की मी आधी तेच पान शोधतो. पुस्तक कोणत्या काळातलं आहे, हे त्या पानावरून प्रकाशनाच्या वर्षाइतकंच नेमकं कळतं.

वाचकाला बिट आणि मास्क माहीत आहेत असं धरून थेट उदाहरणावर येतो. `192.168.40.0/24` हा ब्लॉक दिला आहे आणि त्याचे आठ समान सबनेट हवे आहेत. शेवटच्या आठ बिटांपैकी तीन सबनेटसाठी घेतले की आठ मांडण्या मिळतात. प्रिफिक्स 24 वरून `/27` होतो. त्या तीन बिटांची किंमत 128, 64 आणि 32, बेरीज 224, म्हणून मास्क `255.255.255.224`. उरलेल्या पाच बिटांत ३२ पत्ते बसतात. त्यातला पहिला सबनेटचं स्वतःचं नाव म्हणून जातो आणि शेवटचा ब्रॉडकास्टला, म्हणून प्रत्येकी ३० होस्ट. सबनेट 0, 32, 64 असे बत्तीसच्या पाढ्याने 224 पर्यंत सुरू होतात. तिसरा सबनेट `192.168.40.64`, त्याचा ब्रॉडकास्ट `192.168.40.95`, आणि मशीनला देता येणारे पत्ते 65 ते 94. उत्तर तपासायचं तर दोन गोष्टी बघाव्यात: सबनेटचा आरंभ ३२ ने निःशेष भागला गेला पाहिजे, आणि ब्रॉडकास्ट पुढच्या सबनेटच्या आरंभाहून बरोबर एकने कमी पाहिजे. ब्रॉडकास्ट सम संख्या आली असेल तर पुढे न जाता मागे वळावं.

आता हेच उदाहरण १९९० सालच्या पुस्तकाप्रमाणे सोडवू. त्या हिशेबात सबनेटचे तिन्ही बिट शून्य असलेला पहिला तुकडा आणि तिन्ही बिट एक असलेला शेवटचा तुकडा वापरायचा नाही. तीन बिटांत आठ वजा दोन, सहाच सबनेट. आठ हवेत म्हणून चौथा बिट घ्यावा लागतो, मास्क `255.255.255.240` होतो, आणि प्रत्येक सबनेटमध्ये १४ होस्ट उरतात. नव्या पद्धतीत एकूण २४० मशीन बसतात. जुन्यात चौदा सबनेट गुणिले चौदा होस्ट, म्हणजे १९६, आणि त्यातलेही सहा सबनेट मागितलेलेच नाहीत. एकच बिट घेतला तर गंमतच होते. `255.255.255.128` या मास्कने आज दोन सबनेट पडतात, प्रत्येकी १२६ होस्टचे. जुन्या नियमाने दोन वजा दोन, म्हणजे शून्य सबनेट! अख्खा ब्लॉक कापून हाती काहीच नाही.

हा नियम कोणा मास्तरांच्या डोक्यातून आलेला नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या आरएफसी ९५० मध्ये तो आहे. सबनेटिंगचं मूळ मानक ते हेच. होस्टच्या भागात सगळे शून्य आणि सगळे एक यांना आधीपासून खास अर्थ होता, तोच अर्थ सबनेटच्या भागालाही लागू ठेवावा, असा त्यांचा युक्तिवाद. त्या वेळी तो वाजवीच होता. समजा राउटरने शेजाऱ्याला कळवलं की `192.168.40.0` कडे जायचा रस्ता माझ्याकडून आहे. हे अख्ख्या नेटवर्कबद्दल आहे की त्यातल्या पहिल्या तुकड्याबद्दल? दोघांचा आकडा एकच. फरक फक्त मास्कमध्ये, आणि आरआयपीच्या पहिल्या आवृत्तीच्या संदेशात मास्क पाठवायची सोयच नव्हती. दुसऱ्या टोकाला तीच अडचण: `192.168.40.255` हा शेवटच्या तुकड्याचा ब्रॉडकास्ट आणि सगळ्या नेटवर्कचाही.

म्हणजे आजार पत्त्यांचा नव्हता, मास्क न सांगणाऱ्या राउटिंगचा होता. ओएसपीएफ, आरआयपीची दुसरी आवृत्ती आणि १९९३ चं सीआयडीआर आलं, पत्त्याबरोबर मास्क किंवा प्रिफिक्स फिरू लागला, आणि संदिग्धता संपली. डिसेंबर १९९५ मध्ये पमिल आणि मॅनिंग यांच्या आरएफसी १८७८ ने दोन टोकांचे सबनेट वगळण्याची पद्धत कालबाह्य झाल्याचं लिहून टाकलं. सिस्कोने मात्र सावकाश घेतलं. त्यांच्या राउटरवर शेवटचा सबनेट चालायचा, पहिल्यासाठी `ip subnet-zero` ही कमांड द्यावी लागायची. ती आपोआप चालू असणं आयओएस १२.० पासून सुरू झालं. मधल्या काळात प्रत्यक्ष राउटरवर वजा एक आणि पुस्तकात वजा दोन अशी परिस्थिती होती. अशा काळात ज्यांनी परीक्षा दिली त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. आजच्या पेपरात पहिला सबनेट वापरायचा नाही असं स्पष्ट म्हटलं नसेल, तर सबनेट मोजताना काहीही वजा करू नये.

आरएफसी ९५० पर्यंतचा रस्ता सरळ नव्हता. एका संस्थेला एक नेटवर्क नंबर, पण आवारात केबली अनेक, हा प्रश्न अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांना एकाच वेळी भेडसावत होता. स्टॅनफर्डच्या मोगलने ऑक्टोबर १९८४ मध्ये आरएफसी ९१७ लिहून सबनेटची कल्पना मांडली. त्याच महिन्यात पोस्टेलने वेगळीच वाट सुचवली: एआरपीच वाढवावा आणि होस्टना सबनेट असल्याचं कळूच देऊ नये. जानेवारीत एमआयटीच्या डेव्हिड क्लार्कने होस्टचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा जसंच्या तसं ठेवणारी योजना आणली. बदल्यात सबनेटच्या संख्येवर मर्यादा येत होती आणि सगळे गेटवे बदलावे लागत होते. फेब्रुवारीत बर्कलीच्या कॅरल्सने आणखी एक योजना पुढे केली आणि ती आपल्याकडे एप्रिल १९८४ पासून चालूही आहे, हे नमूद केलं. भांडण वरवर बिटांचं, पण मुद्दा खर्च कोणी सोसायचा हा होता. हजारो होस्ट बदलायचे, की थोडेसे गेटवे? अखेर एका समितीच्या शिफारशीनंतर मोगलची बाजू जिंकली. प्रत्येक होस्टला एक मास्क द्यायचा आणि समोरचा पत्ता आपल्याच तुकड्यातला आहे का, हे त्याने स्वतः ठरवायचं. परीक्षेतलं आपलं सगळं गणित त्या निर्णयातून आलेलं आहे. मला तो पटतो, कारण मास्क नावाची एकच गोष्ट समजली की कितीही आकाराचे तुकडे करता येतात.

पण आरएफसी ९५० मधलं खरं रत्न त्याच्या एका परिशिष्टात आहे आणि तिथवर फारसं कोणी जात नाही. होस्टने आपला मास्क गेटवेला कसा विचारायचा, याची तीन उदाहरणं तिथे दिली आहेत. तिसऱ्यात नेटवर्क `192.1.127.0`, विचारणारा होस्ट `192.1.127.19`, गेटवे `192.1.127.50`, आणि मास्क `255.255.255.88`. छपाईची चूक वाटते ना? चूक नाही. सबनेटचे बिट सलग आणि डावीकडे असावेत ही १९८५ मध्ये शिफारस होती, सक्ती नव्हती, आणि विखुरलेले बिट चालतात हे दाखवायलाच हे उदाहरण घातलं आहे. गणित करून पाहू.

```
mask  88 = 01011000
host  19 = 00010011
gw    50 = 00110010
19 AND 88 = 00010000 = 16
50 AND 88 = 00010000 = 16
```

दोघांचं उत्तर 16, म्हणजे दोघे एकाच सबनेटमध्ये. मास्कमध्ये तीन बिट एक आहेत, पाच शून्य. सबनेट आठ, प्रत्येकात ३२ पत्ते, त्यातले होस्टचे ३०. `/27` चेच आकडे! `2^s` आणि `2^h - 2` या सूत्रांना बिट कुठे आहेत याच्याशी देणंघेणं नसतं, फक्त किती आहेत याच्याशी असतं. बत्तीसचा पाढा मात्र इथे कोलमडतो. होस्टचे मोकळे बिट 128, 32, 4, 2 आणि 1 किमतीचे असल्याने हा एक सबनेट चार ठिकाणी विखुरला जातो: 16 ते 23, 48 ते 55, 144 ते 151 आणि 176 ते 183. ब्रॉडकास्ट `192.1.127.183`. मधल्या जागांवर दुसऱ्याच सबनेटांची वस्ती. 24 हा 23 च्या शेजारी असूनही परका, आणि दूरचा 176 घरचा.

मुलांना समान सबनेट शिकवताना हे उदाहरण फळ्यावर मांडावं असं माझं मत आहे. पाठ केलेली ‘२५६ वजा मास्क’ ही युक्ती का चालते, ते याच्यावरूनच कळतं. 256 मधून 224 गेले की 32 उरतात आणि तो खरोखर उडीचा आकार असतो, कारण मास्कचे एक सलग आहेत. 256 मधून 88 गेले की 168, आणि त्या आकड्याला काही अर्थ नाही. सीआयडीआरने प्रिफिक्स म्हणजे फक्त एक लांबी असं ठरवल्यावर असे मास्क मावळले. `255.255.255.88` ला स्लॅशच्या भाषेत लिहिताच येत नाही. आज एखाद्या उत्तरपत्रिकेत असा मास्क दिसला, तर त्या मुलाने बिटांची बेरीज चुकवलेली असते. ऑक्टेटमध्ये वैध किमती नऊच: 0, 128, 192, 224, 240, 248, 252, 254, 255.

उरलं होस्टचं वजा दोन. प्रश्न जेव्हा सबनेटऐवजी होस्टकडून येतो तेव्हा बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. प्रत्येक विभागात ३० मशीन हव्या असतील तर `/27` पुरतो. ३१ हव्या असतील तर नाही, कारण पाच बिटांत ३२ पत्ते असले तरी होस्टना ३०च मिळतात. सहा बिट ठेवावे लागतात, `/26` होतो, ६२ जागा येतात आणि `/24` च्या ब्लॉकमध्ये असे चारच विभाग बसतात. आधी होस्टमध्ये दोन मिळवायचे आणि मग दोनचा घात शोधायचा, हा क्रम उलटला की मार्क गेले.

आणि हे वजा दोनही आता पूर्वीसारखं अढळ नाही. दोन राउटरांमधल्या थेट दुव्यावर ब्रॉडकास्टची गरज नसते, म्हणून डिसेंबर २००० च्या आरएफसी ३०२१ ने तिथे `/31` ला मुभा दिली. सूत्राप्रमाणे होस्ट शून्य, प्रत्यक्षात दोन. सबनेटचा पहिला पत्ता होस्टला न देण्यामागे एक जुनी गोष्टही आहे: १९८३ ची ४.२ बीएसडी युनिक्स ब्रॉडकास्टसाठी सगळे एक नव्हे, तर सगळे शून्य वापरायची. त्या मशीन केव्हाच भंगारात गेल्या. त्यामुळे तो पहिला पत्ताही साध्या होस्टला द्यावा असा प्रस्ताव २०२१ मध्ये पुढे आला, आणि लिनक्सच्या ५.१४ या कर्नलने तो पत्ता साधा मानायला सुरुवातही केली. इंटरनेटचं मानक मात्र बदललेलं नाही. तेव्हा पेपरात `/27` ला ३०च लिहावेत.