व्हिटॅमिनच्या बाटलीवरचे आकडे: ‘५०’ मोठे की ‘२०००’?

एका घरातली परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. अम्मींचे गुडघे दुखतात, अंगात त्राण नसतो. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पुडी आठ आठवड्यांसाठी लिहून दिली. तेवढ्यात परदेशातून आलेल्या मामूंनी व्हिटॅमिन डीची मोठी बाटली आणली. तिच्यावर लिहिलंय ५०. घरात कॅल्शियमच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत, शिवाय मुलीने आणलेली मल्टीव्हिटॅमिनची गोळीही आहे. अम्मी म्हणतात, "साठ हजाराची पुडी घेते मी, मग या पन्नासने काय होणार?"

सवाल साधा वाटतो, पण उत्तर चुकलं तर तब्येतीवर बेतू शकतं. म्हणून ही चारही पाकिटं आपण टेबलावर मांडू आणि त्यांची लेबलं नीट वाचू.

दोन वेगवेगळी मापं

पुडीवरचा ६०,००० आणि बाटलीवरचा ५० हे एकाच मापातले आकडे नाहीत. पुडीवर आययू, म्हणजे इंटरनॅशनल युनिट लिहिलेलं आहे. बाटलीवर एमसीजी, म्हणजे मायक्रोग्रॅम आहे.

मायक्रोग्रॅम हे वजन आहे. एका ग्रॅमचे हजार भाग केले की एक भाग मिलिग्रॅम, आणि त्या मिलिग्रॅमचे पुन्हा हजार भाग केले की एक मायक्रोग्रॅम. काही बाटल्यांवर एमसीजी न लिहिता इंग्रजी ‘यू’सारखं दिसणारं, डावीकडे शेपटी असलेलं अक्षर आणि पुढे ‘जी’ छापतात. तेही मायक्रोग्रॅमच. घाईत ते मिलिग्रॅम म्हणून वाचलं तर हिशेब थेट हजार पटीने चुकतो.

आययू मात्र वजन नाही, ते असराचं माप आहे. जीवनसत्त्वं शुद्ध रूपात वेगळी काढून तोलणं कठीण होतं, त्या काळात शास्त्रज्ञ त्यांचा प्राण्यांवर किती परिणाम होतो हे पाहून ताकद मोजत. १९३० च्या दशकात त्या मोजणीला आंतरराष्ट्रीय प्रमाण मिळालं, आणि तेच युनिट आजही लेबलांवर टिकून आहे.

व्हिटॅमिन डीसाठी एकच गोष्ट पाठ करायची आहे: १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. एमसीजीला ४० ने गुणा, आययू मिळेल. आययूला ४० ने भागा, एमसीजी मिळेल.

आता मामूंची बाटली बघा. ५० गुणिले ४० म्हणजे २००० आययू. अम्मींना क्षुल्लक वाटलेला ‘५०’ प्रत्यक्षात रोजचे २००० युनिट आहे. अमेरिकेतल्या नव्या लेबलांवर एमसीजी आधी असतं आणि आययू बहुधा कंसात, बारीक अक्षरात असतं. त्यामुळे नजर आधी लहान आकड्यावरच जाते.

४० चा हा हिशेब फक्त डीचा आहे, हे विसरू नका. व्हिटॅमिन एमध्ये रेटिनॉलचं १ आययू ०.३ मायक्रोग्रॅम असतं. ईचा हिशेब आणखी वेगळा, तोही नैसर्गिक आणि कृत्रिम ईसाठी निरनिराळा. कॉड लिव्हर ऑइलमध्ये ए आणि डी दोन्ही असतात, म्हणून त्यातलं प्रत्येक जीवनसत्त्व स्वतंत्र मोजावं लागतं. गरोदर बाईने तर असं तेल किंवा जादा एची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. जास्त रेटिनॉलने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो.

आकडा कशाचा? एका गोळीचा की दोन गोळ्यांचा?

आता कॅल्शियमची बाटली घ्या. समोर मोठ्या अक्षरात व्हिटॅमिन डी १००० आययू आहे. मागच्या तक्त्यात सगळ्यात वर ‘सर्व्हिंग साइज: २ गोळ्या’ असं आहे. म्हणजे १००० आययू दोन गोळ्या मिळून आहेत, एका गोळीत ५००. लेबल वाचायला सुरुवात नेहमी या ओळीपासून करा. समोरचा मोठा आकडा ही जाहिरात असते, हिशेब मागच्या तक्त्यात असतो.

लहान मुलांच्या थेंबांत ही चूक जास्त महागात पडते. तान्ह्या बाळाला साधारणपणे रोज ४०० आययू देतात. काही औषधांत ४०० आययू एक मिलिलिटरमध्ये असतं, तर बाहेरून येणाऱ्या काही बाटल्यांत तेवढंच एका थेंबात असतं. एका मिलिलिटरमध्ये अंदाजे ३० थेंब बसतात. थेंबवाली बाटली मिलिलिटरच्या हिशेबाने दिली तर बाळाच्या पोटात ४०० ऐवजी १२,००० च्या आसपास युनिट जातील. म्हणून एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला कधीही वापरू नका. २०१० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशाच चुकीबद्दल पालकांना सावध केलं होतं.

अम्मींचा एकूण हिशेब

अम्मी कॅल्शियमच्या दोन गोळ्या घेतात, म्हणजे १००० आययू. मल्टीव्हिटॅमिनमध्ये ४००. मामूंच्या बाटलीतून २०००. रोजची बेरीज ३४००. यावर आठवड्याची पुडी: ६०,००० भागिले ७ म्हणजे रोजचे साधारण ८,५७०. सगळं मिळून रोजचे १२,००० च्या जवळ.

आपल्या देशात मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० आययू, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम धरली आहे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४००० आययू, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा आहे. कमतरता भरून काढण्यासाठी डॉक्टर ठरावीक आठवडे याहून जास्त देतात, तो इलाज आहे आणि तो बरोबरच आहे. गडबड दोन ठिकाणी होते. डॉक्टरांना बाकीच्या तीन पाकिटांची खबर नसते. आणि आठ आठवडे संपले तरी "बरं वाटतंय" म्हणून मेडिकलमधून पुडी आणणं चालूच राहतं. काही जण तर आठवड्याची पुडी चुकून रोज घेतात.

व्हिटॅमिन डी चरबीत साठतं, जास्त झालं तर लघवीवाटे लगेच निघून जात नाही. साठा फार वाढला की रक्तात कॅल्शियम चढतं. भूक मरते, मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, सारखी तहान आणि लघवी लागते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. पुढे किडनीवर ताण येतो. यातली बरीच लक्षणं घरचे वयावर किंवा शुगरवर ढकलतात. अशा वेळी सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. रक्तातलं कॅल्शियम, किडनीची तपासणी आणि व्हिटॅमिन डीची पातळी यांवरून खरं काय ते कळतं.

लेबलवर लिहिलंय तेवढंच आत आहे का?

इथपर्यंत आपण लेबल खरं आहे असं धरून चाललो. पण लेबल हा बनवणाऱ्याचा दावा असतो. अमेरिकेत सप्लिमेंट बाजारात येण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही. आपल्याकडे सप्लिमेंटच्या डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. तो धंद्याचा परवाना आहे. तुमच्या हातातल्या डब्यातली गोळी कोणी तपासली, याची ती पावती नव्हे.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात यावर अभ्यास छापून आला. संशोधकांनी दुकानांतल्या आणि फार्मसीत बनवून दिलेल्या व्हिटॅमिन डीच्या गोळ्या तपासल्या. लेबलवरच्या आकड्याच्या तुलनेत कुठल्या गोळीत फक्त ९ टक्के माल होता, तर कुठल्या गोळीत १४६ टक्के. एकाच बाटलीतल्या गोळ्यांतही फरक निघाला. ज्या बाटलीवर स्वतंत्र तपासणीची खूण होती, तिचा माल मात्र लेबलच्या अगदी जवळ आला.

९ टक्केवाल्या बाटलीने विषबाधा होत नाही, पण कमतरता तशीच राहते आणि डॉक्टर गोंधळून डोस वाढवतात. उलट बाजूचं उदाहरण २०११ चं आहे. अमेरिकेत बनलेल्या एका सप्लिमेंटमध्ये बनवतानाही चूक झाली होती आणि लेबलही चुकलं होतं. ते घेणाऱ्या माणसाच्या पोटात रोज अपेक्षेपेक्षा हजार पटीहून जास्त व्हिटॅमिन डी जात होतं. त्याने लेबल वाचलं होतं, सांगितलेल्या प्रमाणातच गोळ्या घेतल्या होत्या. लेबलच खोटं असेल तर वाचणारा काय करणार? स्वतंत्र तपासणी लागते ती यासाठी.

तपासणीची खूण कशी ओळखायची

यूएसपी आणि एनएसएफ या परदेशी संस्था कंपनीपासून स्वतंत्र राहून तपासणी करतात. लिहिलेला घटक लिहिलेल्या मात्रेत आहे का, शिशासारखी घातक भेसळ आहे का, हे त्या पाहतात. गोळी पोटात वेळेत विरघळते का, हेही यूएसपी बघते. मामूंच्या बाटलीवर अशी खूण असेल तर त्या संस्थेच्या वेबसाइटवर उत्पादनाचं नाव आहे का ते पडताळून घ्या, कारण खूण कोणीही छापू शकतो. नुसतं ‘लॅब टेस्टेड’ किंवा ‘प्रीमियम क्वालिटी’ लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

भारतीय सप्लिमेंट असेल तर कंपनीकडे तपासणी अहवाल मागा. त्यावरचा बॅच नंबर तुमच्या डब्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. तपासणी कंपनीच्या स्वतःच्या लॅबमध्ये न होता एनएबीएल मान्यता असलेल्या बाहेरच्या लॅबमध्ये झालेली असावी. आणि ‘दावा किती, सापडलं किती’ हे दोन्ही आकडे त्यात असावेत. केवळ ‘पास’ लिहिलेला कागद पुरेसा नाही.

आपल्या घरांत आणखी एक खूण आवर्जून पाहिली जाते, हलालची. ती पाहायलाच हवी, कारण कॅप्सूलचं जिलेटीन डुकराचंही असू शकतं. डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं. पण हलालची खूण घटक कुठून आला ते सांगते, तो किती आहे हे सांगत नाही. तसंच यूएसपीची खूण मात्रा सांगते, जिलेटीन कुठल्या जनावराचं ते सांगत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. आणि ती गोळी तुम्हाला मुळात हवी आहे का, हे यातली कुठलीच खूण सांगत नाही. ते रक्ताचा रिपोर्ट आणि डॉक्टरच सांगतील.

अम्मींच्या घरी शेवटी एक कागद फ्रिजवर लागला. त्यावर चारही औषधांची नावं, एका दिवसाचे आययू आणि खाली बेरीज. तो पाहून डॉक्टरांनी मामूंची बाटली सध्या बाजूला ठेवायला सांगितली, आणि पुडीचा शेवटचा आठवडा कुठला ते त्याच कागदावर लिहून दिलं.