आंबे निर्दोष, कागद सदोष

मे 2025 मध्ये भारतातून विमानाने गेलेल्या आंब्याच्या 15 खेपा अमेरिकेने लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे अडवल्या. आंब्यांत कीड सापडली होती असं नव्हे. नवी मुंबईतल्या केंद्रात 8 आणि 9 मे रोजी त्यांच्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया झाली होती. पण ती नोंदवणारा पीपीक्यू 203 हा फॉर्म चुकीचा दिल्याचं अमेरिकी अधिकाऱ्यांनी म्हटलं. माल परत न्या किंवा नष्ट करा, असे दोनच पर्याय उरले. नाशवंत फळ परत आणण्याचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून तो तिथेच नष्ट झाला.

वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे निर्यातदारांच्या बोलीतलं ‘फायटो’, हे एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेलं लेखी आश्वासन असतं. ते सरकारी अधिकारीच नमुना तपासून देतो. कुठल्या किडीबद्दल हमी हवी आणि कोणती प्रक्रिया झालेली असावी, हे माल घेणारा देश ठरवतो. त्यामुळे आधी त्या देशाच्या अटी वाचायच्या आणि मग माल भरायचा, हा क्रम उलटून चालत नाही.

धुरीकरणाचं प्रमाणपत्र वेगळं. ते मान्यताप्राप्त धुरीकरण संस्था देते आणि त्यात औषध, मात्रा, तापमान, वेळ व कंटेनर क्रमांक असतो. तांदूळ, डाळी, मसाल्यांसाठी बहुधा अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री घट्ट बसवून काही दिवस तो कोंडून ठेवावा लागतो.

खरी गोम इथेच आहे. कडेने वायू गळला किंवा घाईने ताडपत्री आधीच काढली, तर चालते-फिरते किडे मरतात, पण अंडी आणि कोष वाचतात. भारतात तपासणीच्या वेळी माल स्वच्छ दिसतो. समुद्रप्रवासात अंडी उबतात आणि पलीकडच्या बंदरात जिवंत किडा सापडतो. शिवाय फॉस्फीन निघून गेल्यावर संरक्षण उरत नाही. अस्वच्छ कंटेनरच्या फटीत खापरा भुंग्याच्या अळ्या लपल्या असतील, तर त्या स्वच्छ मालावरही चढतात. हा भुंगा दिसला की अमेरिकेसारखे देश सहसा सूट देत नाहीत.

बाकीच्या नकारांचं मूळ बहुतेकदा टेबलावर असतं. फायटोवर एक कंटेनर क्रमांक आणि धुरीकरणाच्या कागदावर दुसरा, ही चूक शेवटच्या क्षणी कंटेनर बदलला की हमखास होते. युरोपीय संघाला फायटो माल निघण्यापूर्वीच्या 14 दिवसांतलं लागतं. जहाज लांबलं की कागद शिळा होतो. आणि सगळं जुळूनही मालाखालच्या लाकडी पॅलेटवर प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल, तर आतल्या उत्तम हळदीकडे न बघताच कंटेनर अडवला जाऊ शकतो.