बेंबीभोवतीची पोटदुखी

शाळकरी मुलांचे पोट अधूनमधून दुखते, थोड्या वेळाने आपोआप थांबते आणि काही दिवसांनी पुन्हा दुखू लागते. ब्रिस्टॉलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अॅपली यांनी 1958 साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत किमान तीनदा, रोजचे व्यवहार अडतील इतके पोट दुखणारी मुले त्यांना साधारण दहात एक आढळली. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात कोणताही आजार सापडला नाही.

आजार नाही म्हणजे दुखणे खोटे आहे असे नव्हे. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. काही मुलांत हे जाळे जास्त हळवे होते. कधी जुलाब-उलट्यांच्या आजारानंतर, कधी मनावरच्या ताणामुळे, तर कधी कारण कळत नाही. मग आतडे वायूने जरासे ताणले गेले, तरी इतरांना न जाणवणारी ती हालचाल या मुलांना वेदना म्हणून जाणवते. ताण आला की आतड्याची हालचाल बदलते आणि हा हळवेपणा वाढतो. म्हणून परीक्षा, नवी शाळा, वर्गातली दादागिरी, शिक्षकांची भीती, घरातली भांडणे किंवा कोणाचे आजारपण यांच्या आगेमागे दुखणे उफाळते.

नमुन्यादाखल चौथीतली नऊ वर्षांची मुलगी घ्या. जूनमध्ये तुकडी बदलली आणि जुन्या मैत्रिणी दुरावल्या. जुलैपासून आठवड्यातून दोन-तीनदा, शाळेला निघण्याच्या सुमारास तिचे पोट दुखते. कुठे दुखते विचारले तर ती बेंबीभोवती तळवा फिरवते. अर्ध्या तासात दुखणे ओसरते; रविवारी सहसा दुखत नाही. ती जेवते, रात्री शांत झोपते, वजन आणि उंची पूर्वीच्याच गतीने वाढते आहे. जंताचे औषध देऊन झाले, पण फरक पडला नाही. मग सोनोग्राफी झाली आणि अहवालात ‘पोटात गाठी’ असे शब्द आले.

इथे पालक घाबरतात. या गाठी म्हणजे आतड्याच्या पडद्यातल्या लसिकाग्रंथी. निरोगी मुलांतही त्या सोनोग्राफीत सर्रास दिसतात. ताप, वजनातली घट, पोटात पाणी किंवा आतड्याची भिंत जाड होणे यांपैकी काही नसेल, तर अशा लहान गाठींवरून क्षयरोगाचे निदान करता येत नाही आणि सहा महिन्यांची औषधे सुरू करणे योग्य ठरत नाही.

तपासण्यांची गरज ठरते ती काही ठरावीक खुणांवरून. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठणे, वजन घटणे किंवा उंची खुंटणे, शौचातून रक्त, रात्रीचे जुलाब, सतत उलट्या, गिळताना त्रास, रेंगाळणारा ताप, सांधेदुखी, गुदद्वाराजवळ फोड किंवा जखम, तसेच कुटुंबात आतड्याच्या दाहाचा किंवा गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक रोगाचा इतिहास यांपैकी एकही खूण असली, तर शोध घ्यावा लागतो. बेंबीपासून दूर, एकाच जागी दुखत असेल तरीही. सुरुवातीला रक्त, लघवी आणि शौचाची तपासणी, सीलिअॅकची रक्तचाचणी आणि सोनोग्राफी होते. दुर्बिणीची तपासणी त्यानंतर, गरज भासली तर. खुणा असतील, तर ‘शाळेचा ताण आहे’ एवढ्यावर थांबू नये. ताण आणि आजार एकत्र असू शकतात.

हिरवी उलटी, पोट कडक होणे, किंवा बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकणारे व वाढत जाणारे दुखणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. नेहमी पोट दुखणाऱ्या मुलालाही अपेंडिक्सचा दाह होऊ शकतो.

आणखी एक साधे कारण हमखास निसटते. शाळेचे स्वच्छतागृह नको म्हणून मुले शौच दाबून धरतात आणि बद्धकोष्ठता होते. कडक शौच किंवा दोन-तीन दिवसांचा खंड असेल, तर आधी त्यावर उपचार करावा. नाश्त्यानंतर रोज दहा मिनिटे निवांत बसवणे आणि लागल्यास डॉक्टरांनी दिलेले शौच मऊ करणारे औषध यांनी बहुतेकदा दुखणेही कमी होते.

चौथीतल्या मुलीला यापैकी कोणतीही खूण नाही. तिच्या उपचाराची सुरुवात समजावण्याने होते: ‘तुझे पोट खरंच दुखते, पण आत काही बिघडलेले नाही.’ दुखले तरी शाळा चालू ठेवायची. लागलेच तर शाळेतच थोडा वेळ टेकायचे. घरी राहून टीव्ही आणि आवडीचा खाऊ मिळाला, तर दुखणे लांबते. ‘आज दुखतंय का?’ असे वारंवार विचारण्याऐवजी तिचे लक्ष दुसरीकडे वळवावे. शिक्षकांशी बोलून तुकडीतला एकटेपणा कमी करावा. तरीही शाळा बुडत राहिली, तर बालमानसतज्ज्ञाकडे विचार आणि वागणूक बदलण्याचे प्रशिक्षण उपयोगी पडते. दर महिना-दोन महिन्यांनी वजन-उंची मोजून नव्या खुणा विचारल्या की तपासण्या पुन्हापुन्हा करण्याची वेळ येत नाही, आणि आजार असलाच तर तो नजरेतून सुटत नाही.