टायरचा पर्यायी साइज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

'टायर जरा रुंद टाका, भावडबारीच्या वळणांवर गाडी रस्ता धरून चालेल,' असा सल्ला देवळ्यात गाडी घेणाऱ्याला हमखास मिळतो. मात्र कोणता रुंद टायर चालेल, हे आधी गाडीच्या कागदांत पाहावे. 2018 साली आलेल्या स्विफ्टचे उदाहरण घेऊ. तिच्या खालच्या मॉडेलांना 165/80 आर14 टायर येत.

गैरसमज : कंपनी एकच साइज मान्य करते.
वस्तुस्थिती : ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर स्टिकर दिसतो. त्यावर साइज आणि हवेचा दाब असतो. मॅन्युअलच्या शेवटी, तांत्रिक माहितीच्या पानांवर, इतर मॉडेलांचे साइजही दिलेले असतात. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलांना 185/65 आर15 येत. हा पर्याय कंपनीचाच आहे, पण त्यासाठी रिमही त्याच मॉडेलची 15 इंची लागते आणि हवा त्या साइजपुढे लिहिलेली भरायची.

गैरसमज : रिम 14 इंची असली की 14 चा कोणताही टायर चालतो.
वस्तुस्थिती : उंचीही जुळावी लागते. 165/80 म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या 80 टक्के, म्हणजे 132. तिची दुप्पट अधिक रिमचे 355.6 मिलिमीटर, म्हणजे एकूण व्यास सुमारे 620. 185/65 आर15 चा व्यास येतो सुमारे 621, फरक नगण्य. 185/65 आर14 मात्र 596 वरच थांबतो. गाडी सुमारे 12 मिलिमीटर खाली बसते. मीटर 100 किलोमीटर मोजतो, तेव्हा गाडी 96 च चाललेली असते. ॲव्हरेज वाढल्यासारखे वाटते, पण ते खोटे असते.

गैरसमज : टायर रिमवर चढला म्हणजे बसला.
वस्तुस्थिती : प्रत्येक साइजला रिमच्या रुंदीची मर्यादा असते. रिमवर '14×5 जे' असे कोरलेले असते. त्यातला 5 हा आकडा इंचांतली रुंदी सांगतो. 185/65 ला 5 ते 6.5 इंच, तर 195/65 ला किमान 5.5 इंच रुंदी लागते. 5 इंची रिमवर 195 चा टायर मशीनने चढतो खरा, पण त्याच्या बाजू फुगतात, वळणावर तो डुलतो आणि मधूनच जास्त झिजतो. उलट रिम फार रुंद असेल, तर बाजू ताणल्या जातात आणि खड्ड्यात मार थेट रिमला बसतो.

गैरसमज : टायरवर छापलेला हवेचा आकडा भरायचा.
वस्तुस्थिती : ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. तुमच्या गाडीला किती हवा भरायची, ते स्टिकर सांगतो.

साइजशेजारचा भार-निर्देशांकही पाहा. 85 म्हणजे एका टायरवर 515 किलो. नवा आकडा स्टिकरवरच्यापेक्षा कमी नसावा. टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. कुठे घासण्याचा आवाज आला, तर तो साइज परत करा. मॅन्युअलमध्ये नसलेला साइज दुकानदार सुचवत असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी होकार घ्या.